राबातल्या सुया

भिसेगावात माझं शिवणाचं दुकान आहे. दुकानात एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळत आले. मशीनची सुई मोडली की तिचे दोन्ही तुकडे सापडल्याशिवाय पुढचा टाका घालायचा नाही. एखादा तुकडा ब्लाउजच्या अस्तरात राहिला आणि गिऱ्हाइकाला टोचला, तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सापडलेले तुकडे एका जुन्या तपकिरीच्या डबीत जातात आणि ती डबी माझ्या मशीनच्या खणात असते. हाताखालच्या मुली यावरून माझी पाठीमागे टिंगल करतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. पण खरं सांगायचं तर टिंगल व्हावी असंच माझं वागणं होतं. दुकानात एका सुईसाठी फरशी पुसून काढणारी मी, घरी शेकड्यांनी सुया शेतात टाकत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

आमचं घर कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात. घरात सासूबाई, शेती बघणारा माझा नवरा, मी आणि माझे मोठे दीर. दिरांना मी भावजी म्हणते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नेरळला असते. भावजी साजगावच्या एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर. पहाटे निघायचं, गावागावातून कामगार गोळा करायचे आणि पाळी सुरू व्हायच्या आत गेटवर सोडायचे. त्यांच्या बसची वेळ बघून लोक घड्याळ लावायचे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

आमच्या घरात साखर दोघांना. माझी साखर सगळ्या गावाला ठाऊक. मी इन्शुलिनचं पेन वापरते, त्याच्या सुया कर्जतच्या मेडिकलमधून राजरोस आणते. भावजींची साखर मात्र आम्हा घरातल्या चौघांपलीकडे कोणाला माहीत नव्हती. इन्शुलिन घेणाऱ्याला गाडीवर ठेवत नाहीत, अशी कारखान्यात बोलवा होती. खरी की खोटी, हे विचारायला जाणार कोण? विचारलं की संपलंच. म्हणून ते औषधाची बाटली आणि सिरिंजा पनवेलच्या दुकानातून आणायचे. बाटली आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे असायची आणि वापरलेल्या सिरिंजा माझ्या सुयांमध्ये मिसळायच्या. साखर तपासायला बोटाला टोचायची पेनं दोघांची वेगळी होती, एवढी अक्कल मला होती. कचरा मात्र एकाच बाटलीत. खोबरेल तेलाची मोठी प्लास्टिकची बाटली, माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे.

गावच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई मला भेटतील तेव्हा टोकायच्या. "तुमच्या सुया आणून द्या हो. फरशी पुसायच्या औषधाची जाड बाटली घ्या, झाकण घट्ट लावा, इकडे आणा. आमच्याकडे पांढरा डबा आहे सुयांचा, गाडी येऊन नेते." मी "आणते, आणते" म्हणायची. नेणार कशी? मी पेन वापरते हे नर्सबाईंना माहीत, आणि बाटलीत लाल टोपणाच्या सिरिंजा. त्या एका नजरेत ओळखतील. त्या कोणाला सांगणार नाहीत हे मला कळत होतं, पण उपकेंद्राच्या ओट्यावर कायम चार बायका बसलेल्या असतात, आणि त्यांच्याविषयी मला तशी खात्री नव्हती.

आधी मी सगळं उकिरड्यात पुरत होते. मग एक दिवस कोंबड्यांनी साखर तपासायच्या पट्ट्या उकरून काढल्या आणि रक्ताचा ठिपका असलेली एक पट्टी चोचीत धरून कोंबडी अंगणभर पळाली. मागे बाकीच्या कोंबड्या. शेजारच्या बायका बघत होत्या. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "राबात घाल सगळं. आगीपुढं काय टिकतं? राख झाली की कोन विचारतंय कोनाची सुई."

भातवाल्यांना राब सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. रोपं करायची जी जागा असते तिथे फाल्गुन-चैत्रात शेण पसरायचं, त्यावर झाडांचा कवळ, म्हणजे पाल्याच्या डहाळ्या, तोडून रचायचा, त्यावर गवत आणि वरून बारीक माती. वाऱ्याच्या तोंडाकडून पेटवलं की ते दिवसभर आतल्या आत धुमसत राहतं. तण मरतं, जमीन भुसभुशीत होते आणि पावसाला त्यातच भाताचं बी पेरायचं. महिन्याभरात रोपं उपटून मोठ्या शेतात लावायची. आमच्या घरात नको असलेलं सगळं राबात जातं. फाटकं गोणपाट, मोडका झाडू, जुन्या चपला. मी तेलाची बाटली कवळाखाली सारली. तीन वर्षं सारली. आणि मनात म्हटलं, ब्याद गेली.

तिसऱ्या वर्षीच्या लावणीला आमची सावड होती. सावड म्हणजे आज दहा बायका माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या शेतात. मजुरी नाही, हिशोब दिवसाला दिवस. मीही त्या आठवड्यात दुकान बंद ठेवते. सकाळपासून रिपरिप चालू होती. सगळ्या अंगावर प्लास्टिकचे कागद घेऊन राबात उकिडव्या बसल्या होत्या. रोपं मुळाशी धरून उपटायची, मुळांची माती पायावर आपटून झाडायची, मूठ बांधून मागे टाकायची. बोलणं एका बाजूला, हात एका बाजूला.

माझ्या शेजारी आमची शेजारीण बसली होती. तिला मी ताई म्हणते. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा साजगावच्या त्याच कारखान्यात, भावजींच्याच बसने जाणारा. ताईचा हात रोपांच्या मुळाशी गेला आणि ती थांबली. ओरडली नाही. हात वर काढला तर तळव्याला एक काळा गोळा चिकटलेला. तो तिने दुसऱ्या हाताने ओढून काढला आणि तळवा तोंडात घातला.

मला तो गोळा बघताक्षणी कळला. माझी तेलाची बाटली. एका बाजूने वितळून गोळा झालेली, एका बाजूने जशीच्या तशी, आणि चहूकडून सुया बाहेर आलेल्या. वरून माती घालून धुमसवलेल्या राबात मधला जाळ कडक असतो, कडेचा नुसता कोंडतो. मी शिवणारी बाई. लोखंड जळत नाही हे मला कोणी सांगायला हवं होतं का?

"ताई, चोखू नको," मी म्हटलं, आणि तिला ओढतच नळावर नेलं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला. दोन ठिकाणी टोचलं होतं. सासूबाई हळद घेऊन आल्या, त्यांना मी थांबवलं. तेवढ्यात बाकीच्या बायका गोळ्याभोवती जमल्या होत्या.

"ह्या कोनाच्या गं?" एकीने विचारलं.

"माझ्या," मी म्हटलं. ते अर्धं खरं होतं.

एकेक करून सगळ्या राबातून उठून बांधावर गेल्या. आपले तळवे बघत, पायाची बोटं बघत. ज्या बायका साप निघाला तरी काठीने बाजूला सारून पुन्हा कामाला बसतात, त्या माझ्या राबाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला त्या क्षणी जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

गोळा चिमट्याने उचलून मी स्टीलच्या डब्यात घातला आणि ताईला रिक्षाने कर्जतच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत बोलणारी. तिने ताईचा हात बघितला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कावीळ बीची लस सुरू केली. मग म्हणाली, "आगीतून आणि चार महिने मातीतून गेलेल्या सुईत काही जिवंत राहिलं असेल असं मला वाटत नाही. पण वाटण्यावर सोडायचं नाही. यांचं रक्त तपासू आणि ज्याने ती सुई वापरली त्याचंही. ते स्वच्छ असेल तर काळजीचं कारणच उरत नाही. एड्स रोखायचं औषध द्यायची वेळ आलीच तर ते बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं, म्हणून आजच बघू."

ताई माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी डबा उघडून गोळा चिमट्याने फिरवला.

"या सगळ्या तुमच्याच?"

"हो. माझ्याच."

"तुम्ही पेन वापरता म्हणालात. ही लाल टोपणं सिरिंजची आहेत."

"आधी सिरिंज वापरत होते," मी म्हटलं. इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. खोटं बोलायला शिकावं लागतं असं म्हणतात, मला तर ते घरात बसून आलं होतं.

दोघींनी रक्त दिलं. त्याआधी एका बाईंनी वेगळ्या खोलीत नेऊन कसली तपासणी आहे ते समजावलं, सही घेतली. ताईने सही करताना विचारलं, "ह्यात आमचं नाव बाहेर जाईल का?" बाई म्हणाल्या, "अजिबात नाही." मी ते ऐकलं. ताई नाव जपत होती आणि मीही एक नाव जपत होते, पण आमच्यात फरक होता. तिने कोणाला टोचलं नव्हतं.

दुपारी निकाल आले. एड्स, कावीळ बी, कावीळ सी, माझ्या रक्तात काही नाही, तिच्याही नाही. ताई बाकावर मागे टेकली आणि तिचे डोळे भरून आले. मग पदराने पुसून म्हणाली, "चल, वडा खाऊ. सकाळपासनं पोटात काय नाय."

स्टेशनजवळ उभं राहून आम्ही वडे खाल्ले. ती खुशीत बोलत होती. हात काय, दोन दिवसांत बरा होईल. लावणीचं काय, उद्या करू. मुलाला फोन करून सांगितलं की काही नाही झालं. फोन ठेवून मला म्हणाली, "पोरगा तुझ्या भावजींच्या गाडीत असला ना, की मला घोर नसतो बघ. दुसऱ्या कोनाच्या गाडीत असता तर जीव टांगनीला."

उरलेला वडा मी कागदात गुंडाळून ठेवला. ताई ज्या निकालावर निर्धास्त झाली तो अर्धाच निकाल होता. तळव्याला दोन टोचण्या. त्यातली एकही भावजींच्या सुईची नव्हती, असं कोण सांगणार? आणि वरून तिचं ते मुलाबद्दलचं बोलणं.

त्या दिवशी भावजी पहिल्या पाळीच्या कामगारांना सोडून साडेतीनला घरी आले. गावात शिरतानाच त्यांना कळलं होतं. ओट्यावर बसून पाय धूत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय सांगितलंस तिथं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या माझ्या म्हणून सांगितलं."

"मग झालं की. तुझं रक्त चांगलं निघालं ना?"

"माझं निघालं. तुमचं कुठे बघितलंय कोणी?"

ते पाय धूत राहिले. "मला काय व्हनार हाय?" म्हणाले. "आनि मी गेलो तपासायला, म्हंजी सगळं उघडं. तिचा पोरगा माझ्या गाडीत बसतो. संध्याकाळपर्यंत गेटवर बातमी. ही गाडी हातात यायला मला किती वर्षं लागली, तुला ठाव हाय."

ठाऊक होतं. लग्न होऊन आले तेव्हा ते कारखान्यात हमाली करत होते. रात्रशाळेसारखं रोज कोणाकोणाच्या टेंपोवर शिकून त्यांनी लायसन काढलं होतं. बसची चावी मिळाली तेव्हा ती त्यांनी देव्हाऱ्यात ठेवून मग खिशात घातली. मला त्यांची दया आली, आणि तितकाच रागही आला. तो राग खरं तर माझ्यावरचा होता.

"भावजी," मी म्हटलं, "मी दुकानात सुईचा एक तुकडा सापडला नाही तर गिऱ्हाइकाला कपडा देत नाही. इथे मी तिला अर्धा तुकडा दाखवून घरी पाठवलंय. आणि तिच्या मुलाचं म्हणाल, तर तुमची साखर गाडीवर कधी उतरली नाही का? देवाशपथ सांगा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "एकदा. फाट्यावर. हात कापायला लागले, घाम सुटला. गाडी बाजूला घेतली, टायर बघतो म्हनून खाली उतरलो, खडीसाखर खाल्ली. दहा मिनिटं थांबलो." त्यांनी पाय पुसले. "मागं चाळीस मानसं बसली होती."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, सांगितल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. दवाखान्यात जायच्या आधी ते शेजारी ताईच्या अंगणात गेले. मी मागे उभी होते. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "वैनी, त्या सुयांत माझ्या पन होत्या. मी बी इन्शुलिन घेतो. हिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. आज माझं रक्त तपासून येतो, तू बी चल, कागद डोळ्यांनी बघ."

ताई सुपात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"किती वर्सं?" तिने त्यांना विचारलं.

"चार व्हतील."

"म्हंजी चार वर्सं माझा पोरगा..." ती तिथेच थांबली. मग आत जाऊन चप्पल घालून आली. रिक्षात आम्ही तिघं शेजारी शेजारी बसून कर्जतला गेलो. डॉक्टरांपुढे मी कालचं खोटं कबूल केलं. त्यांनी फक्त "बरं केलंत आज आलात" एवढंच म्हटलं. भावजींचाही निकाल स्वच्छ आला. ताईने कागद हातात घेऊन बघितला, घडी घालून त्यांना परत दिला आणि एकटीच बसने घरी गेली.

कारखान्यात भावजींनी स्वतः जाऊन सांगितलं. ताईच्या मुलाकडून बातमी जायच्या आधी. कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना गाडीवरून उतरवलं, पण घरी बसवलं नाही. आता ते बसच्या आवारात असतात. गाड्या सुटायच्या आधी हवा, तेल, ब्रेक बघायचे आणि मग ड्रायव्हरच्या हातात चावी द्यायची. रोज पहाटे त्याच बसने जातात, पण मागच्या बाकावर बसून. पहिले काही महिने तर बस वळणावर आली की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, असं ते हसत सांगतात. हसतात, पण मला ते बघवत नाही.

त्या वर्षीचा राब आम्हीच निस्तरला. दुसऱ्या कोणाला बोलवायचं तोंड नव्हतं. नवऱ्याने कुठून तरी स्पीकरचा मोठा लोहचुंबक आणला आणि चिखलातून फिरवला. त्याला दोन खिळे आणि तारेचा तुकडा चिकटला. सुई एकही नाही. या सुयांचं पोलाद चुंबकाला दाद देत नाही, हे त्या दिवशी कळलं. शेवटी ज्या कोपऱ्यात मी बाटल्या सारल्या होत्या, त्या कोपऱ्यातली माती हातभर खोल फावड्याने काढली, गोण्यांत भरली आणि तो कोपरा काटे लावून बंद केला. चामड्याचे हातमोजे घालून उरलेली रोपं आम्ही घरच्यांनीच उपटली. मोज्यातून मुळं हाताला लागत नाहीत, निम्मी रोपं तुटायची. भाताचं एक खाचर त्या वर्षी पडीक राहिलं.

गोण्यांचं काय करायचं ते विचारायला मी नर्सबाईंकडे गेले. जाताना नवी बाटली घेऊन गेले, ओट्यावरच्या चार बायकांसमोरून, पदराखाली न लपवता. नर्सबाईंनी बाटली उजेडात धरली. पेनच्या सुया, लाल टोपणं, बोट टोचायच्या सुया, सगळं एकत्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कोणाचं काय हे विचारलं नाही.

"गळ्यापर्यंत भरायची नाही," त्या म्हणाल्या. "पाऊण भरली की झाकण लावायचं, वरून चिकटपट्टी. सुई वाकवायची नाही, सिरिंजला टोपण परत लावत बसायचं नाही, टोचतं ते तेव्हाच. तशीच थेट बाटलीत. आणि पट्ट्या, कापूस यात कोंबू नका. ते टोचत नाही, पण रक्त असतं. वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून आणा. कोंबड्यांना घालू नका." ती कोंबडीची गोष्ट त्यांच्यापर्यंतही पोचली होती. मातीच्या गोण्यांसाठी त्यांनी मोठ्या आरोग्य केंद्रात फोन केला आणि त्या गोण्या सुयांच्या गाडीबरोबरच गेल्या.

आता आमच्या खिडकीत फरशीच्या औषधाची निळी जाड बाटली असते. तिच्यावर भावजींनी जाड पेनने लिहिलं आहे: वापरलेल्या सुया, हात लावू नये. त्यांचं अक्षर बसच्या पाटीसारखं ठळक आहे.

ताई बोलायची, पण कामापुरतं. तिच्या शेतात मी सावड फेडायला गेले तेव्हा तिने मला भाकरी वाढली, पण शेजारी बसली नाही. तिचं बरोबर होतं. हाताला टोचलं ते तिने पहिल्याच दिवशी माफ केलं असतं. वडे खात ती इतकं मनमोकळं बोलत असताना मी गप्प उभी राहिले, ते तिला लागलं.

पुढच्या चैत्रात सासूबाईंनी नव्या जागी राब रचला. पेटवायच्या आधी त्यांनी काठीने सगळा कवळ उलटापालटा करून बघितला.

लावणी आली. सावडीसाठी मी घरोघर गेले. सगळ्या "बघू" म्हणाल्या. ताईकडे शेवटी गेले. तीही "बघू" म्हणाली. त्या सकाळी आठ-नऊ बायका आल्या, पण बांधावरच उभ्या राहिल्या. तंबाखू मळणं चाललं होतं, पदर खोचणं चाललं होतं, राबात मात्र कोणी उतरेना. भावजींची सुट्टी होती. ते मुठी उचलायला टोपली घेऊन एका बाजूला उभे होते. मी एकटीच राबात बसून रोपं उपटायला लागले. माझ्या हातातल्या रोपांच्या मुळांचा आवाज मला ऐकू येत होता, एवढी शांतता.

ताई सगळ्यांत उशिरा आली. राबाकडे आलीच नाही. सरळ आमच्या घराकडे गेली. खिडकीशी उभी राहिली, बाटली उचलली, कानाशी धरून हलवली, आकाशाकडे धरून आत बघितलं, वरचं अक्षर वाचलं. जागच्या जागी ठेवली. मग बांधावरून खाली उतरली, साडी खोचली आणि माझ्या शेजारी, गेल्या वर्षीसारखीच, उकिडवी बसली. उघडा हात मुळाशी घातला आणि पहिली मूठ वर काढली.

"बसा गं," ती बांधावरच्यांना म्हणाली. "दिवस चाललाय."

बायका उतरल्या. ताईने मूठ पायावर आपटली, बांधली आणि मागे टाकायच्या आधी मान वळवून भावजींना विचारलं, "दादा, इंजेक्शन घेऊन खाल्लंस का सकाळी?"

"खाल्लं," ते म्हणाले.

"मग ये. मुठी उचल."